‘तुम्ही लवकर बरे होवो’ : आजारी सहकाऱ्याला पाठवायचा मेसेज कुठे बिघडतो आणि कसा दुरुस्त करायचा

समस्या अशी. ऑफिसातलं कोणीतरी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात ऍडमिट होतं, ग्रुपवर बातमी येते, आणि चार ओळी लिहायची वेळ येते. लिहिणाऱ्याच्या मनात खरी काळजी असते. तरीही मेसेज असा उतरतो की वाचणाऱ्याला क्षणभर वाटावं, आपण गेलो की काय. नाहीतर वाटावं, मेमो आला. पणजीच्या आमच्या कचेरीत मराठीतून काही लिहायचं झालं की मसुदा माझ्या टेबलावर येतो, त्यामुळे हे बिघाड आता ओळखीचे झालेत. बहुतेक वेळा ते त्याच जागी सापडतात: क्रियापदाचा काळ, इच्छा सांगायचं रूप, आणि दुसऱ्याच कुठल्या तरी प्रसंगातून उचललेलं वाक्य.

लिहिणाऱ्याला विचारून त्याचा मसुदा इथे देतोय. आजारी होत्या त्या लेखा विभागातल्या, पन्नाशीच्या. पित्ताशयात खडे झाले होते, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं होतं आणि त्या वॉर्डात होत्या. लिहिणारा फोंड्याहून रोज ये-जा करणारा तरुण मुलगा, त्यांच्याच हाताखाली बिलं तपासायला शिकलेला. एरवी त्यांना तो ताई म्हणतो. मसुदा असा होता:

> आदरणीय मॅडम, तुम्ही हॉस्पिटलमध्ये ऍडमिट होते हे ऐकून फार दुःख झाले. आम्ही सगळे तुम्हाला मिस करत होतो. तुम्ही लवकर बरे होवो अशी देवाचरणी प्रार्थना. देव तुम्हाला या प्रसंगाला सामोरे जाण्याचे बळ देवो. लवकरात लवकर कामावर रुजू व्हा कारण मार्चचे काम खूप पेंडिंग आहे. काही मदत लागली तर कळवावे.

यात शुद्धलेखनाची चूक जवळजवळ नाही. म्हणूनच लिहिणाऱ्याला काही खटकत नाही. वाचणारी बाई मात्र एका हाताला सलाईन लावून, दुसऱ्या हातात फोन धरून हे वाचणार आहे, आणि स्क्रीनवर तिला आधी पहिली दीड ओळच दिसणार आहे: ‘तुम्ही हॉस्पिटलमध्ये ऍडमिट होते हे ऐकून फार दुःख झाले.’

आधी नुसती क्रियापदं वाचा

तपासायची माझी पद्धत सोपी आहे. मसुद्यातले बाकीचे शब्द झाकायचे, अटीची क्रियापदं सोडायची आणि उरलेली क्रियापदं तेवढी ओळीने वाचायची. इथे ती निघतात: होते, झाले, करत होतो, होवो, देवो, व्हा, आहे, कळवावे. पहिली तिन्ही भूतकाळी. माणूस तिकडे खाटेवर आहे, दुखणं चालू आहे, आणि मेसेजात सगळं होऊन गेलेलं. श्रद्धांजलीचा वास येतो तो इथून. दुःखाच्या शब्दांचा नंबर नंतर लागतो.

‘ऍडमिट होते’ या दोन शब्दांत दोन वेगळे दोष आहेत, आणि ते वेगवेगळे दुरुस्त करावे लागतात. पहिला, ‘तुम्ही’बरोबरचा शेवटचा ‘त’ गळला आहे. प्रमाण मराठीत तुम्ही आलात, पडलात, झालात असं होतं. घरात कोकणी आणि शाळेत मराठी अशा आपल्याकडच्या पुष्कळ लोकांच्या लिहिण्यात हा ‘त’ गळतो. नुसतं गोव्याचंच असं नाही, विदर्भातही ‘तुम्ही आले’ सर्रास ऐकू येतं. बोलताना कोणी मनावर घेत नाही. पण लिहिताना ‘तुम्ही’ आणि क्रियापद यांच्यामध्ये चार शब्द आले की ‘होते’ हे तिसऱ्याच माणसाबद्दल वाटायला लागतं. बाईमाणसाला ‘झालात’ आणि ‘झाल्यात’ दोन्ही कानावर येतं. त्यावरून वाद घालत बसायचं कारण नाही.

दुसरा दोष जास्त आतला. ‘ऐकून दुःख झाले’ भूतकाळात आहे म्हणून त्याने ‘ऍडमिट होते’ही भूतकाळात नेलं. ही इंग्रजी पत्रांची सवय आहे. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही जागा मिळाली, पण कचेरीतला रोजचा कागद आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजीतच लिहिला आहे, आणि इंग्रजीत ‘ऐकलं’ मागे गेलं की पुढचं वाक्यही मागे जातं. मराठीत तसं होत नाही. कळलं तेव्हा जे जसं होतं, ते तसंच ठेवायचं: ‘तुम्ही ऍडमिट आहात असं कळलं.’ ‘तुम्ही ऍडमिट होतात असं कळलं’ म्हटलं की अर्थ होतो, आता घरी आलात. डिस्चार्ज मिळालेल्या माणसाला ते चालेल. वॉर्डातल्याला नाही.

‘मिस करत होतो’चं असंच. करत होतो, म्हणजे आता करत नाही? काळ दुरुस्त करून ‘मिस करतोय’ लिहिता येईल आणि ते चुकीचंही होणार नाही. पण हे वाक्य कोणालाही, कुठूनही पाठवता येतं. मी त्याला विचारलं की ताई नाहीत हे तुला नेमकं कधी जाणवतं. तो म्हणाला, ‘चहाच्या वेळेला. त्याच सगळ्यांना हाका मारतात.’ मग तेच लिहायचं, आणि साध्या वर्तमानात: ‘चहाच्या वेळी तुमचं नाव निघतंच.’ रोज घडणाऱ्या गोष्टीला मराठीत हा काळ पुरतो, आणि ‘आम्हा सर्वांना तुमची उणीव भासत आहे’ असं सभेत बोलल्यासारखं करावं लागत नाही.

‘होवो’ कोणाला लागतं

आता मसुद्याचं मधलं वाक्य, ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो. ‘तुम्ही लवकर बरे होवो.’ माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त येणारी चूक हीच.

होवो, वाटो, पडो, लाभो, मिळो ही रूपं शुभेच्छेची आहेत खरी, पण त्यांचा कर्ता समोरचा माणूस नसतो. ती तिसऱ्याला लागतात: प्रकृती सुधारो, दुखण्याला उतार पडो, देव भलं करो. कर्ता अनेकवचनी असला तर पुढे ‘त’ येतो, रिपोर्ट चांगले येवोत. ‘तुम्ही’ला हे रूप जुळत नाही. ‘तुम्ही लवकर जेवो’ असं कोणी म्हणत नाही, ते लगेच कानाला टोचतं. ‘बरे होवो’ मात्र निसटून जातं, कारण डोक्यात ‘प्रकृती लवकर बरी होवो’ हे वाक्य आधीच बसलेलं असतं आणि आपण त्याच्या तोंडाशी ‘तुम्ही’ चिकटवतो. शिवाय फॉरवर्ड होऊन येणाऱ्या हिंदी शुभेच्छांत ‘आप शीघ्र स्वस्थ हों’ असतं. हिंदीत ते रूप ‘आप’बरोबर बरोबर आहे. तोच साचा मराठीत उतरवला की गाडी अडते.

दुरुस्तीचे दोन रस्ते आहेत. ‘तुम्ही’ ठेवायचं असेल तर ‘व्हा’: तुम्ही लवकर बऱ्या व्हा. ‘ओ’चं रूप ठेवायचं असेल तर ‘तुम्ही’चं ‘तुम्हाला’ करायचं: तुम्हाला लवकर बरं वाटो. दुसरा रस्ता मला आवडतो, कारण त्यात ‘बरे’ की ‘बऱ्या’ हा प्रश्नच उरत नाही. ताईंना ‘बरे व्हा’ लिहिणारे बरेच आहेत, छापील कार्डावर तेच असतं म्हणून. पण तोंडाने आपण ‘ताई आल्या, ताई बऱ्या झाल्या’ असंच म्हणतो. लिहितानाही ‘बऱ्या व्हा’च हवं.

त्याहून घरगुती रूप ‘बरं वाटू दे’. आई आजारी पोराच्या कपाळावर हात ठेवून हेच म्हणते. वयाने लहान किंवा बरोबरीचा सहकारी असेल तर ‘वाटो’पेक्षा हे जवळचं. वरिष्ठांना लिहिताना जरा सैल वाटू शकेल. पण ताईंशी त्या मुलाचं नातं पाहता मी इथे ‘वाटू दे’च ठेवायला सांगितलं.

‘तुम्ही लवकर बऱ्या व्हाल’ हे व्याकरणाला धरून आहे, पण ती इच्छा नव्हे, भाकीत आहे. खड्यांच्या ऑपरेशनला ते चालून जातं. रिपोर्ट यायचा बाकी असेल तेव्हा मात्र भाकीत करू नये, कारण वाचणाऱ्याला जे माहीत आहे ते आपल्याला माहीत नसतं. ‘बरे व्हावे अशी सदिच्छा’ हे रूपही शुद्ध आहे. ते पुष्पगुच्छाला बांधलेल्या चिठ्ठीवर शोभतं, ज्यांच्या टेबलासमोर रोज बसतो त्यांना लिहिताना परकं वाटतं.

देवाबद्दल एक खास गोव्याची अडचण. ‘देव बरे करो’ असं लिहिण्याच्या मोहात पडू नका. इथल्या कानाला ते ‘देव बरें करूं’ ऐकू येतं, आणि ते आपण आभार मानताना म्हणतो. ताईंना वाटेल, हा माझे कसले आभार मानतोय?

प्रार्थनेचं वाक्य ठेवायचं की काढायचं हे माणूस पाहून ठरवावं. ताई कवळ्याच्या शांतादुर्गेच्या भक्त, आणि मुलाची आई खरंच देवळात जाऊन आली होती. मग ‘अशी देवाचरणी प्रार्थना’ या ठोकळ्यापेक्षा ‘आईने देवीला गाऱ्हाणं घातलंय’ हे कितीतरी खरं. ‘घातलंय’चा काळही पाहण्यासारखा आहे: गोष्ट झाली, पण तिचं काम अजून चालू आहे. ख्रिस्ती सहकाऱ्याला किंवा देव न मानणाऱ्याला लिहिताना हे वाक्य सरळ काढावं, त्याच्या बदल्यात दुसरा देव शोधत बसू नये. आणि गाऱ्हाणं घातलं नसेल तर घातलंय म्हणून लिहू नये, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या प्रसंगातून आलेली वाक्यं

‘दुःख झाले’ आणि ‘सामोरे जाण्याचे बळ देवो’ ही दोन्ही वाक्यं मृत्यूच्या बातमीखाली लिहायची. ग्रुपवर शेवटचा गंभीर मेसेज तोच पडलेला असतो, आणि बोटांना तीच सवय लागलेली असते. आजाराच्या बातमीने दुःख होत नाही, काळजी वाटते, जिवाला घोर लागतो. ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं की जीव भांड्यात पडतो. ‘बळ देवो’ला जागाच नाही. ते काढलं की मेसेज अर्ध्याने हलका होतो. हात जोडलेली इमोजीही मी काढायला सांगतो, कारण एकाखाली एक वीस जणांनी ती टाकली की ग्रुप उघडणारा माणूस आधी विचारतो, कोण गेलं?

‘आदरणीय मॅडम’ आणि ‘कळवावे’ ही सरकारी पत्राची भाषा. ताई म्हणतो तर ताई लिहावं. आणि ‘झाले, कळवावे’ असं लेखी रूप घ्यायचं की ‘झालं, कळवा’ असं बोलीतलं, ते एकदा ठरवून शेवटपर्यंत तेच ठेवावं. ‘झाले’ने सुरुवात करून ‘बरं वाटतंय का’वर संपवलं की अर्धा मेसेज शिपाई घेऊन आला आणि अर्धा शेजारी, असं वाटतं.

आता ते मार्चचं काम. मुलाने मनात काही वाईट ठेवून लिहिलं नव्हतं. त्याला म्हणायचं होतं, तुमच्यावाचून अडतंय. पण ‘रुजू व्हा’ हा हुकमाचा शब्द, त्यात ‘कारण’, त्यात ‘पेंडिंग’. ३१ मार्च तोंडावर आलेला असताना लेखा विभागातल्या बाईला पडल्या पडल्या तेवढीच काळजी असते, आणि आपण तीच तिच्या उशाशी नेऊन ठेवतो. याचं उलटं टोकही बरं नव्हे. ‘ऑफिसचं काही टेन्शन घेऊ नका, सगळं मस्त चाललंय’ हे वाचून एखादीला वाटेल, म्हणजे मी नसले तरी चालतं. मधला मार्ग म्हणजे कोणतं काम कोणाकडे गेलं ते एका ओळीत सांगायचं. बिलं वाटून घेतली, तुमचं रजिस्टर माझ्याकडे आहे. यात काम निघालंही, आणि रजिस्टर ‘तुमचं’च राहिलं.

‘काही मदत लागली तर कळवावे’ यावर आजारी माणूस सहसा काहीच कळवत नाही, कारण मागायचं काय हे त्यालाच शोधावं लागतं. त्याऐवजी एक ठरावीक गोष्ट देऊ करावी. इथे पुन्हा काळ आडवा येतो. ‘मी येईन’ आणि ‘मी येतो’ या दोन्हींतून उद्याचीच गोष्ट सांगता येते, पण ‘येईन’मध्ये ‘बघू, जमलं तर’ असा वाव राहतो आणि ‘येतो’ म्हटलं की शब्द दिला. म्हणून जे खरंच करणार आहात तेवढंच, आणि वर्तमानात लिहा. खाण्याचं मात्र डॉक्टरांच्या परवानगीवर सोडा. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर सुरुवातीला हलकं आणि कमी तेलकट खायला सांगतात, तेव्हा प्रेमाने नेलेली शेवयांची खीर तिथे तशीच पडून राहते. उकड्या तांदळाची पेज बहुधा चालते. तरी विचारून.

सगळं करून मसुदा असा झाला:

> ताई, ऑपरेशन नीट झालं असं कळलं आणि जीव भांड्यात पडला. चहाच्या वेळी तुमचं नाव निघतंच. आईने देवीला गाऱ्हाणं घातलंय. मार्चची बिलं आम्ही वाटून घेतली आहेत, तुमचं रजिस्टर माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी पेज चालेल म्हटलं की मी घेऊन येतो. हवा तेवढा आराम करा. तुम्हाला लवकर बरं वाटू दे. उत्तर लिहायची घाई नको.

पुन्हा क्रियापदं वाचा: झालं, कळलं, पडला, निघतंच, घातलंय, घेतली आहेत, आहे, येतो, करा, वाटू दे, नको. भूतकाळात आहे ते खरंच झालेलं आहे, बाकी सगळं आत्ताचं किंवा पुढचं. शेवटचं वाक्य त्याला अनावश्यक वाटत होतं. ते मी हट्टाने ठेवायला लावलं. फोन हातात आला की माणूस उत्तरं देत बसतो, आणि प्रत्येकाला तेच ‘बरी आहे’ लिहून दमतो. याच कारणासाठी मेसेजात प्रश्न घालू नये. काय झालं होतं, किती टाके पडले, रिपोर्ट काय, हे ग्रुपवर तर नकोच. आजाराचं नावही तिथे आपण काढू नये, त्यांनी स्वतः सांगितलं तरच.

मेसेज उशिरा गेला तर

हाच मेसेज आदल्या दिवशी लिहिला असता तर पहिलं वाक्य ‘ऑपरेशन नीट होऊ दे’ झालं असतं, आणि डिस्चार्जनंतर ‘घरी आलात हे कळलं, बरं वाटलं’. बिघाड होतो तो लिहून ठेवलेला मेसेज दोन दिवसांनी पाठवला जातो तेव्हा. ऑपरेशन होऊन गेलेलं आणि मेसेज म्हणतो, ‘उद्याच्या ऑपरेशनला शुभेच्छा.’ पाठवायच्या आधी घरच्या कोणाला तरी एक फोन करून आज काय स्थिती आहे ते विचारावं. तेही जमत नसेल तर काल, आज, उद्या हे शब्द काढून टाकावे. वॉर्डात रेंजचा भरवसा नसतो, आणि फोन चार्जिंगला लावलेला असतो तो भलतीकडेच.

जिथे ‘लवकर’ लागू पडत नाही

वरची सगळी दुरुस्ती बऱ्या होणाऱ्या दुखण्यासाठी. लांबणारा आजार असेल, केमो चालू असेल, तर ‘लवकर बऱ्या व्हा’ हे प्रेमाने लिहिलेलंही टोचतं, कारण लवकर काही होणार नसतं आणि ते आजाऱ्याला आपल्याआधी ठाऊक असतं. तिथे इच्छा आखूड करायची. आजचा दिवस बरा जावो. रात्री झोप लागो. मळमळ कमी होवो. ‘ओ’चं रूप इथे नीट बसतं, कारण कर्ता दिवस, झोप, मळमळ असा तिसराच आहे. आणि असा मेसेज एकदाच पाठवून थांबण्यात अर्थ नाही. पंधरा दिवसांनी ऑफिसातली एखादी साधी बातमी कळवली, आजाराचा उल्लेख न करता, तरी ती शुभेच्छाच ठरते.

माणूस आयसीयूत असेल तर फोन त्याच्याकडे नसतो. मेसेज मुलगी वाचते, जावई वाचतो. मग ‘तुम्ही बऱ्या व्हा’ असं लिहून त्या पोरीला आईच्या जागी उभं करू नये. तिलाच लिहावं: ‘आईंना आमचा नमस्कार सांगा. तुम्ही रात्री तिथेच थांबता असं कळलं. उद्या संध्याकाळी मी थांबतो, तुम्ही घरी जाऊन अंघोळ-जेवण करून या. चालेल ना?’ प्रश्न विचारू नये म्हटलं त्याला हा एक अपवाद, कारण याचं उत्तर ‘हो’ एवढंच द्यायचं असतं.